साडेआठ लिटरचा पंप सव्वापाच लिटरच का देत होता: माझा अनुभव

"३६ मीटर हेड, ९.५ लिटर पाणी, डोळे झाकून न्या." ५ एचपीची ओपनवेल मोटर घेताना दुकानात ऐकलेलं हे वाक्य आठवलं की अजून चीड येते. हेड म्हणजे पंप पाणी जेवढ्या उंचीपर्यंत ढकलू शकतो तो जोर, मीटरमध्ये मोजलेला. दोन्ही आकडे खरे होते, पण एका वेळचे नव्हते. व्हॉल्व्ह बंद असताना हेड ३६ मीटर, तेव्हा पाणी शून्य. सेकंदाला ९.५ लिटर मिळतं ते हेड २० मीटर असताना. मधलं कोष्टक मिळवायला मला दुकानात तीन खेपा घालाव्या लागल्या. त्यात २४ मीटरला ८.५ लिटर, २८ ला ७ आणि ३२ ला ५ असं होतं.

विहिरीतल्या पाण्यापासून शेतातल्या हौदापर्यंत माझा चढ २० मीटर. दुकानदाराने पाइपच्या घर्षणाचे अंदाजे ४ मीटर त्यात मिळवले आणि ८.५ लिटर सांगून मोकळा झाला. हौदावर २०० लिटरचा ड्रम लावला तर भरायला ३८ सेकंद लागले, म्हणजे सव्वापाच लिटर. मोटर खराब आहे म्हणून मी भांडायला निघालो होतो. नशीब, आधी आलेख काढला.

घर्षण पाइपच्या तक्त्यावरून काढलं. ७५ मिमीची ४०० मीटर लाइन, ६ लिटर पाणी, बेंड धरून सुमारे १५ मीटर. पाणी दुप्पट झालं की घर्षण जवळपास चौपट होतं, म्हणून ४ लिटरला साधारण ७ आणि ८ लिटरला २७ मीटर. त्यात चढाचे २० मिळवले की २७, ३५ आणि ४७. हे तीन बिंदू जोडून झाली लाइनची रेषा. त्याच कागदावर कोष्टकावरून पंपाची रेषा काढली. पहिली पाण्याबरोबर वर चढते, दुसरी खाली उतरते, आणि दोन्ही सव्वापाच लिटरच्या आसपास, साडेएकतीस मीटरवर एकमेकींना छेदतात. पंप तिथेच चालणार होता. मोटर निर्दोष होती.

खात्री म्हणून विहिरीच्या काठावर पाइपला प्रेशर गेज लावला. तो २.२ किलो दाखवत होता, म्हणजे २२ मीटर. पाणी काठापासून १० मीटर खाली होतं, तेही धरायचं. बेरीज ३२. हे १० मीटर विसरलात तर पंपच कमजोर वाटेल. आणि चढ मे महिन्यातल्या पातळीपासूनच मोजा. पावसाळ्यानंतर विहीर भरली की लाइनची अख्खी रेषा खाली सरकते आणि पाणी आपोआप वाढतं.

दुकानदार साडेसातची मोटर घ्या म्हणत होता. याच लाइनमधून ७ लिटर काढायचे तर ४० मीटर हेड लागलं असतं, आणि वीजबिल कायमचं वाढलं असतं. मी पाइप ९० मिमीचा केला. तेवढ्याच पाण्याला घर्षण निम्म्याहून कमी झालं आणि छेदबिंदू २८ मीटरवर, ७ लिटरच्या जवळ सरकला. त्याच मोटरवर ड्रम आता २९ सेकंदांत भरतो.