एवढेच

"एवढं नको गं मागायला. दोरा तुटला नाही तरी पुष्कळ."

काकूंनी भिशीच्या पैशातून शिलाई मशीन घेतलं. पूजेला चार ओळी हव्या होत्या. मी लिहिलं होतं, 'लक्ष्मी घरी येवो, भरभराट होवो'.

दुसऱ्या चरणात एक अक्षर जास्त होतंच. छंद मोठ्या अभंगाचा घेतला होता: चरणांचं माप सहा-सहा-सहा-चार अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. पण खटकलं ते मागणं.

मग काकूंचंच बोलणं मापात बसवलं:

सुई चालो माझी । दोरा न तुटावा ।
टाका नीट यावा । एवढेच ॥

शेवटची चार अक्षरं आखूड, तिथे आवाज आपोआप खाली येतो. मागणंही तिथंच थांबतं.

काकूंनी कागद मशीनला चिकटवला. संध्याकाळी त्यावर तेलाचा डाग होता, बरोबर 'एवढेच'वर.