टाळीत बसलेली कविता

व्हॅलेंटाइनच्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांना चार ओळी लिहून देतो, लग्नापासून. त्या नेहमी मराठीत असतात. मुलं इथेच परदेशात वाढली. त्यांना घरातलं बोलणं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं आणि कविता वाचली की ती विनम्रपणे हसून निघून जातात. यंदा मला ते नको होतं. त्यांच्यासमोर वाचायची आणि त्यांनाही मजा यायला हवी, एवढंच ठरवलं.

नवऱ्याने अष्टाक्षरी सुचवली. ओवी-अभंगांमुळे आमच्या कानात ती बसलेलीच आहे. त्याची पहिली ओळ होती, ‘तुझ्या हातात हात हा’. अक्षरं मोजा, बरोबर आठ. मुलांना टाळ्या वाजवत म्हणायला सांगितलं तर सहाच टाळ्या पडल्या. कारण सरळ आहे. बोलताना आपण ‘हातात’मधला शेवटचा ‘अ’ उच्चारत नाही. लिहिताना तीन अक्षरं असतात, तोंडातून निघतात दोन ठोके. ‘हात’चंही तेच, दोनाचा एक. गाताना आपण तो ‘अ’ हलकेच लांबवतो आणि ओळ भरून येते. मुलांनी ते गाणं ऐकलेलंच नाही, त्यांच्याकडे फक्त बोललेली मराठी आहे. त्यांच्या कानाला ती ओळ आखूडच लागणार.

मग आम्ही कागदावरची अक्षरं सोडून टाळ्या मोजायला लागलो. ओळीला सात ठोके आणि आठवी टाळी रिकामी, म्हणजे श्वासाला जागा. दुसरं ठरवलं ते असं, की शब्द शक्यतो स्वरावर संपणारे घ्यायचे: आई, बाबा, पुन्हा, तरी, माझी. यांत अक्षरं आणि ठोके सारखेच पडतात. कवितेत हमखास येणारे बरेच शब्द यामुळे बाद झाले. ‘प्रेम’ गेलं, ‘हृदय’ गेलं, ‘मन’ही गेलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उरले ते रोज घरात ऐकू येणारे शब्द, आणि मुलांना कळतात तेही तेच.

शेवटच्या शब्दाचं मला फार वाटत होतं, कारण मुलं यमकाची वाट बघतात. चार-पाच वर्षांचं मूलही पुढचा शब्द आधीच ओरडतं. म्हणून यमकाच्या जोडीतला निदान एक शब्द त्यांच्या शाळेतला ठेवायचा. त्यासाठी स्वरावर संपणारे छोटे इंग्रजी शब्द शोधले: की, टी, शो, डे, टू. असे शब्द मराठीत अलगद बसतात. बाबांची किल्ली आमच्याकडे रोज हरवते, तिथूनच सुरुवात झाली:

बाबा म्हणे, माझी की?
आई म्हणे, आधी टी!
पुन्हा पुन्हा असा शो,
तरी दोघे म्हणू ‘हो’!

जेवायाला झाले टू,
बाबा म्हणे, आधी तू!
आई म्हणे, टाळी दे,
आला ना तो मोठा डे!

दुसरं कडवं मी मुद्दाम तसं रचलं. आमची मुलं ‘तू’ला ‘टू’ म्हणतात आणि ‘दे’ला ‘डे’. नुसतं सांगून ते सुधारत नाही, कारण त्यांना फरक ऐकूच येत नाही. इथे दोन्ही उच्चार एकाखाली एक येतात. ‘टू’ला जीभ वर वळते, ‘तू’ला दातांना टेकते. नवऱ्याने दोन्ही शब्द लांबवून म्हटले आणि मुलगी आरशासमोर जीभ बघायला गेली. एकदा जमलं की लगेच सुटतंही. पण आता ‘तू’ चुकला तर तिचं तिलाच कळतं. ‘टाळी’तला ‘ळ’ मात्र अजून ‘ल’च होतो. तो मी या वेळी तसाच राहू दिला. एका कवितेत एवढं पुरे.

वाचण्याचीही एक रीत ठरली. पहिली ओळ नवऱ्याची, दुसरी माझी, आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द आम्ही गाळायचा, तो मुलांनी म्हणायचा. ‘टाळी दे’ला खरोखरच टाळी द्यायची. हे घरातल्या घरात चालतं, कार्डावर छापून दुसऱ्या कुणाला दिलं तर अर्धी गंमत जाईल. किल्ली कुणाची, आधी चहा का, हे इथेच माहीत आहे. मला ते चालतं. ही कविता आमच्या चौघांचीच आहे.

चौदा तारखेला रात्री दोन्ही कडवी संपल्यावर धाकट्याने थांबायला नकार दिला. तो ताईकडे बोट दाखवून तालात पुढे म्हणाला:

बाबा म्हणे, आता काय?
ताई म्हणे, टाटा, बाय!

‘काय’ लिहिताना दोन अक्षरं, त्याच्या टाळीत मात्र एकच. दोन्ही ओळींत सात ठोके पडले होते. मी वहीत तिसरं कडवं म्हणून ते उतरवून घेतलं. त्याच्या आणखी दोन ओळी यायच्या आहेत, त्या तोच सांगणार आहे.