निन्नुकोरि आणि नन्नु पालिंप : एकच राग, दोन तऱ्हा

गुरुवार, रात्री

मामींकडे मी कर्नाटक संगीत शिकते, तिथे सध्या मोहनम् राग चालू आहे. आपला भूप, म्हणजे सा रे ग प ध, एवढं ऐकून मी निवांत होते. पण भूपात जो धैवत जरा जास्त रेंगाळला की आपल्याकडे लगेच 'देशकार झाला' म्हणतात, तो मोहनम् मध्ये खुशाल रेंगाळतो. दोन्हींचं अंगण त्याला मोकळं आहे.

आज वर्णम् आणि कृती एकापाठोपाठ झाल्या. वर्णम् रामनाड श्रीनिवास अय्यंगारांचं 'निन्नुकोरि', कृती त्यागराजांची 'नन्नु पालिंप'. दोन्ही मोहनम्, दोन्ही आदितालात. गंमत म्हणजे वर्णाची अनुपल्लवी 'नन्नु पालिंप' याच शब्दांनी सुरू होते. माझा सांभाळ कर, एवढंच ते मागणं. तेच दोन शब्द दोन्हीकडे गायल्यावर हे दोन प्रकार वेगळे का शिकवतात ते कळलं.

वर्णात शब्द फार थोडे असतात. 'निन्नुकोरि'त पल्लवी, अनुपल्लवी आणि चरण मिळून जेमतेम तीन ओळींचं साहित्य. ते प्रियकराला घातलेल्या सादेचं. चरणात फुलांचे बाण मारणारा मदनही येतो. पण हे सगळं अक्षरं ताणताणून गायचं, त्यामुळे 'पालिंप' पुरं होईपर्यंत रागाचे दोन-तीन वळसे होऊन जातात. मामी आधी तो भाग नुसत्या स्वरांत म्हणवून घेतात आणि मग त्याच चालीवर शब्द बसवतात. त्यामुळे कुठल्या अक्षराखाली कुठला स्वर आहे हे पक्कं होतं. अनुपल्लवीनंतरचे मुक्तायी स्वर आणि चरणानंतरचे चिट्टस्वर तर उघड सरगमच. रागाच्या ठेवणीतल्या जागा न बोलता हातात येतात, आणि कृतीत अडलं की त्याच कामाला येतात.

खरी कसोटी दुसऱ्या काळात, म्हणजे दुप्पट लयीत. आदितालाच्या आठ मात्रा : लघूच्या चार (एक टाळी आणि तीन बोटं), मग टाळी आणि उलटा हात असे दोन द्रुत. पहिल्या काळात मात्रेला चार स्वर, दुसऱ्यात आठ. हात मात्र तोच, त्याच गतीचा. दोन आवर्तनांची पल्लवी आता एकात मावते. चरणाची ओळ सहसा एकाच आवर्तनाची, म्हणून ती लघू संपतो तिथेच संपते आणि सम गाठायला दोनदा म्हणावी लागते. शिकणाऱ्याचा हात इथे हमखास गळ्यामागे धावतो. वाईट हे की तो दुप्पट धावला तर काहीच चुकल्यासारखं वाटत नाही, सगळं अचूक समेवर येतं! म्हणून मामी हात दुसऱ्याला धरायला लावतात, किंवा मेट्रोनोम लावून ठेवतात. गमकांचंही तसंच. पहिल्या काळात गांधारावर जेवढं हलायला जागा असते, तेवढी दुसऱ्यात नसते. काय ठेवायचं, काय नुसतं सुचवायचं, हे तिथे ठरतं. दुसरा काळ म्हणजे पहिल्याची घाई नव्हे.

आता कृती. तिथे 'नन्नु पालिंप'च्या पाठोपाठ 'नडचि वच्चितिवो' येतं : मला सांभाळायला तू चालत आलास का? शब्द लगेच कळतात, कळायलाच हवेत. मग तीच ओळ संगतींनी, म्हणजे चालीतल्या नव्यानव्या फेरफारांनी, उलगडत जाते, प्रत्येक संगतीत जरा जास्त. वर्णात अक्षर स्वरांच्या सोयीने वाकतं, इथे संगती कितीही वाढली तरी 'वच्चितिवो'च्या मधे श्वास घेता येत नाही, कारण प्रश्न मोडतो.

चरण मला सगळ्यात आवडलं. नीलमण्यासारख्या देहाने, छातीवर मोत्यांच्या सरांनी, हाती धनुष्यबाणाच्या तेजाने आणि धरणीकन्येसह राम येतो. 'सुरपति', 'उरमुन', 'करमुन', 'धरणि' : चारही ओळींचं दुसरं अक्षर 'र'. याला प्रासम् म्हणतात. प्रत्येक तुकडा 'सह' अशा अर्थाच्या 'तो' या तेलुगू प्रत्ययाने संपतो, म्हणजे एकेका गोष्टीसह राम एक पाऊल पुढे येतो. हे माहीत असलं की कुठे थांबायचं ते नोटेशन न बघताही कळतं. वर्णातही 'निन्नु' आणि 'नन्नु'चा प्रास आहे, पण स्वरांच्या भरात तो कानाला पुसट लागतो.

(त्यागराज राहिले तिरुवैयारूला, तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात. हे मामींनीच मला सांगावं, याची जरा लाजच वाटली.)

वर्गात काहीजण वर्णम् म्हणजे गळा गरम करण्याचा व्यायाम समजून पटकन उरकतात आणि कृतीकडे पळतात. त्यांच्या संगती ऐकताना जाणवतं की पाठ केलेले वळसे आहेत. एक विसरला की पुढचा सुचत नाही. उलट वर्णावरच रमलेल्यांची कृती सुरेल असते, पण त्यात कोण कोणाला काय विचारतंय ते कळत नाही.

पुढच्या वेळी चाल बाजूला ठेवून चरण नुसतं तालात वाचून दाखवायचं आहे, हात मामी धरणार.