फॉल-पिकोचा दर मी घड्याळ समोर ठेवून ठरवला

लग्नाआधी मी डोंबिवलीतल्या एका ऑफिसात हिशेब लिहायचे. मग कितीतरी वर्षं घरीच. धाकटी पाचवीत गेल्यावर दुपार मोकळी मिळायला लागली, तेव्हा सासूबाईंच्या जुन्या शिलाई मशीनवरचं कापड काढलं आणि साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं ठरवलं. ब्लाउज शिवण्याइतका हात साफ नव्हता. फॉल मात्र आईने नीट शिकवलेला.

पहिली साडी समोरच्या काकूंची, सुती. दर विचारला तर पटकन "सत्तर द्या" म्हणून मोकळी झाले. कशाच्या आधारावर? कशाच्याच नाही. जास्त सांगितलं तर वाईट दिसेल एवढंच डोक्यात. पंचवीस रुपयांचा फॉल आणला, दुपारभर बसून हाताने लावला आणि पिको बाहेरून वीस रुपयांत करून आणला, कारण पिकोची मशीन माझ्याकडे नव्हती. काकू खूश झाल्या.

महिन्याभराने साडी परत आली. धुतल्यावर खालच्या काठाला चुण्या पडल्या होत्या. फॉल सुती होता, मी तो कोराच लावला होता. पाण्यात पडल्यावर तो आटला आणि साडीला ओढत बसला. सगळे टाके उसवले, नवा फॉल लावला, अर्थातच फुकट. तेव्हापासून फॉल आला की आधी बादलीत. रात्रभर भिजवायचा, सावलीत वाळवायचा, इस्त्री करायची आणि मगच लावायचा. गडद रंगाचा असेल तर पाणी बघायचं. रंग सुटत असेल तर तो फॉल फिक्या साडीला लावायचाच नाही.

त्या साडीने मला हिशेबालाही बसवलं. दुसऱ्यांची खाती लिहिलेली बाई स्वतःचा वेळ कुठे मांडतच नव्हती! पुढच्या चार साड्यांना घड्याळ समोर ठेवलं. बारीक टाके, सुलट बाजूला दिसू नयेत म्हणून प्रत्येक टाक्यात साडीचे एक-दोनच धागे. असा फॉल हाताने लावायला, भिजवणं आणि इस्त्री धरून, दीड तास जात होता. मशीनवर अर्धा तास. फॉल तीस (चांगल्या प्रतीचा घ्यायला लागले होते), पिको वीस, दोरा-सुई आणि पिकोवाल्याकडच्या फेऱ्या मिळून पंधरा, म्हणजे पासष्ट रुपये खर्चातच गेले. सत्तर रुपयांत दीड तासाचे माझ्या वाट्याला पाच आले असते.

तासाला साठ रुपये तरी सुटावेत असं धरलं. म्हणून हाताने लावला तर पासष्ट अधिक नव्वद, एकशे पंचावन्न होतात. मी दीडशे ठेवले. मशीनवर पंचाण्णव होतात, शंभर ठेवले. बाजारातल्या दुकानात मशीनच्या फॉलला एकशे वीस घेत होते, त्यामुळे माझा शंभरचा दर कुणाला खटकला नाही. दीडशेवर मात्र घासाघीस व्हायची. मग मी दोन्ही प्रकारचा एकेक तुकडा करून ठेवला आणि दाखवायला लागले. पैठणीवाल्या बायका तुकडा बघून न बोलता हातशिलाई सांगतात. रोजच्या सिंथेटिक साडीला मीच शंभरचा सुचवते.

खरी गिऱ्हाइकं आली ती संक्रांतीला. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला जायचं असतं, नवीन काळी साडी असते, आणि दुकानवाले "आठ दिवसांनी या" म्हणतात. भिशीतल्या एका मैत्रिणीची साडी दोन दिवसांत दिली आणि तिने हळदीकुंकवाला आलेल्यांना सांगितलं. त्या पंधरा दिवसांत अकरा साड्या झाल्या. फुकट करून मागणाऱ्याही होत्याच. नणंदेला सांगितलं, "वन्सं, माझी मजुरी राहू द्या, फॉल आणि पिकोचे पैसे मात्र द्या." ती रागावली नाही. रागावली असती तरी चाललं असतं, बहुतेक.

साडी घेतानाच आता गिऱ्हाइकासमोर ती पूर्ण उलगडते. डाग, निघालेले धागे असतील तर त्यांचा फोनवर फोटो घेते, नाहीतर ते नंतर माझ्या माथी येतात. ब्लाउजपीस साडीतच जोडून असेल तर ते कापायचं का आणि कुठून, हे त्यांच्याकडूनच दाखवून घेते. दोन्ही काठ सारखे असतील तर खालचा कुठला हेही विचारते, कारण फॉल चुकून वरच्या काठाला लागला तर उसवण्यात अख्खी दुपार जाते. एकदा गेली आहे. वहीत नाव, रंग, हात की मशीन, तारीख. फॉलचे पैसे आधी घेते, मजुरी साडी नेताना.

पिकोची मशीन अजून घेतलेली नाही. साडीमागे पिकोवाल्याकडे जाणारे वीस रुपये वहीत वेगळ्या रकान्यात लिहिते. गेल्या महिन्यात त्याची बेरीज सहाशे ऐंशी झाली. सहा महिने ती एवढीच राहिली तर सेकंडहँड मशीनचा भाव काढायला जाईन.