शंकू तिरका उचलला गेला

"मामा, पोस्ट टाकायचीय, पण टाकवत नाहीये," म्हणत भाचीने फोन माझ्यापुढे धरला. सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, एका साइटवर सहा आठवडे ट्रेनिंगही झालंय. लिंक्डइनवर खातं आहे, पण आजवर तिथे कुणाला साधा अंगठाही दिलेला नाही. रिक्षावाल्याला 'इथे थांबवा' म्हणायला लाजून पुढच्या चौकात उतरणारी मुलगी ही.

मसुदा इंग्रजीत होता. 'कळवताना अत्यंत आनंद होत आहे', मग कॉलेज, प्राचार्य, विभागप्रमुख यांचे आभार. ती स्वतः आली नवव्या ओळीत. लग्नपत्रिकेतसुद्धा नवरी याहून लवकर येते! लिंक्डइनवर पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, उरलेलं '…more' च्या मागे. म्हणजे लोकांना हिचा आनंद दिसणार, काम नाही.

"स्वतःच्या हाताने काय केलंस तिथे?"

चहावरची साय बोटाने बाजूला सारत बसली. मग म्हणाली, "स्लम्प टेस्ट. पण पहिल्यांदा चुकली."

काँक्रीट किती पातळ झालंय ते बघायची ही चाचणी. 30 सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू तीन थरांत भरायचा, दर थराला सळईचे 25 ठोसे द्यायचे, शंकू सरळ वर उचलायचा आणि ढीग किती खाली बसला ते मोजायचं. हिने तो तिरका उचलला, ढीग एका अंगाला घसरला. साइट इंजिनिअरने काही न बोलता शंकू परत हातात दिला.

"हीच तुझी पहिली ओळ."

"चूक सांगू? मग नोकरी कोण देईल?"

मला वाटतं, साइटवर राबलेला माणूस ती ओळ वाचून थांबेल. आनंद झालेले तर त्याला रोज दिसतात. मात्र चूक आपलीच सांगावी. कंत्राटदाराची वाळू कशी होती, हे तिथे काढायचं नाही. फोटोत मागे बिल्डरचा बोर्ड आला होता, तो कापला. उरला शंकू आणि हिचे सिमेंटने माखलेले बूट. तो फोटोही साइट इंजिनिअरला विचारूनच घेतला.

शेवटी आठ ओळी झाल्या: तिरका शंकू, दुसऱ्यांदा कुठे लक्ष ठेवलं, आणि आता कुठलं काम शोधतेय. आभार एकाचेच, परत शंकू देणाऱ्याचे. पोस्ट कुणाला दिसावी, तिथे 'Anyone' निवडायला मात्र ती तयार होईना. नोकरी देणारा बहुधा ओळखीबाहेरचाच असतो, हे सांगून पाहिलं. पण पहिल्या खेपेला 'Connections only' वर तडजोड केली. ओळखीची माणसं त्रेचाळीस.

बटण दाबून तिने फोन उशीखाली सारला आणि भांडी घासायला गेली. स्वतःहून! तासाभराने उशी गुरगुरली. कॉलेजच्या एका ज्युनिअरने विचारलं होतं, "ताई, ठोसे शंकूच्या तळापर्यंत द्यायचे का?"

ओल्या हातानेच तिने टाइप केलं, "फक्त पहिल्या थराला. पुढच्या थरांना खालच्या थरात जेमतेम शिरेल इतकंच."