प्रशिक्षणाला गुंतवणूक मानून हिशोब मांडताना

चाळीस जणांच्या तांत्रिक गटाला बारा दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं, असा प्रस्ताव माझ्याकडे हिशोबासाठी आला. फायद्याच्या रकान्यात एकच ओळ होती: वार्षिक गळती, म्हणजे वर्षभरात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण, 20 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर येईल. ही ओळ खरी ठरेल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मंजुरी मात्र तिच्याच भरवशावर मागितली होती. अशा प्रस्तावाचा हिशोब मी कसा करतो ते इथे लिहितो आहे.

आधी मोजमाप ठरवलं. एका कर्मचाऱ्यावर वर्षभरात होणारा सगळा खर्च म्हणजे 100 एकक. रक्कम पगाराच्या प्रमाणात ठेवली की पगारवाढीचा गोंधळ टळतो. फक्त पुढच्या वर्षांतली रक्कम आजच्या मूल्यात आणायचा सवलतीचा दरही मग पगारवाढ वजा करूनच घ्यावा लागतो, नाहीतर भविष्यातल्या फायद्याला दोनदा कात्री लागते. मी असा निव्वळ दर 10 टक्के धरला.

खर्चाची बाजू सोपी आहे, पण तिथे एक गोष्ट हमखास सुटते. प्रशिक्षण संस्थेचं शुल्क माणशी 6 एकक, आतल्या लोकांची तयारी आणि साहित्य मिळून 1. हे बिलात दिसतं. बारा दिवस माणूस कामावर नसतो, ते कुठल्याच बिलात नसतं. वर्षाचे साधारण 240 कामाचे दिवस धरले तर त्याचे 5 एकक होतात. म्हणजे माणशी 12 आणि चाळीस जणांचे 480, तेही सगळे सुरुवातीलाच.

आता फायदा. एक माणूस सोडून गेला की काय खर्च येतो? भरतीचा खर्च 10, मुलाखती घेणाऱ्यांचा वेळ 3, नव्या माणसाला शिकवणाऱ्या जुन्यांचा वेळ 2. नवा माणूस पहिले सहा महिने निम्म्या वेगाने काम करतो, त्याचे 25. एकूण 40 एकक.

गळती चार टक्क्यांनी कमी म्हणजे चाळिसांत वर्षाला 1.6 माणसं वाचली. बहुतेक जण इथेच हा आकडा तीन वर्षांनी गुणतात. पण प्रशिक्षणाचा परिणाम फक्त प्रशिक्षित माणसांवर होतो, आणि त्यांची संख्या दरवर्षी घटते. रिकाम्या जागी आलेला माणूस जुन्याच दराने सोडून जाणार. म्हणून पहिल्या वर्षी 40 जणांचे 4 टक्के, दुसऱ्या वर्षी उरलेल्या 33.6 जणांचे, तिसऱ्या वर्षी 28.2 जणांचे. वाचलेली माणसं 1.6, 1.34 आणि 1.13. प्रत्येकी 40 एकक धरून आजच्या मूल्यात आणलं की सुमारे 136 एकक येतात. खर्च 480 आहे. नुसती गळती कमी होण्यावर हा प्रस्ताव उभा राहत नाही, अगदी अपेक्षा शंभर टक्के पुरी झाली तरी.

उरलेला भार कामातल्या सुधारणेला उचलावा लागतो. इथे चुका कमी होऊन पुन्हा करावं लागणारं काम घटणार होतं. गटप्रमुखांशी बसून त्याचा अंदाज टिकून असलेल्या माणशी वर्षाला 5 एकक असा काढला, तोही तीनच वर्षांसाठी, कारण त्यानंतर ते कौशल्य जुनं होतं. वर्षअखेरीस उरलेल्या माणसांना 5 ने गुणून गळतीची बचत मिळवली की तीन वर्षांचे आकडे 232, 195 आणि 164 होतात. हे स्प्रेडशीटच्या बी2 ते डी2 मध्ये ठेवले आणि सूत्र असं लिहिलं:

```
=NPV(10%,B2:D2)-480
```

480 कंसाबाहेर आहे, ते मुद्दाम. हे फंक्शन पहिल्या रकमेलाही एक वर्षाची सवलत लावतं, त्यामुळे सुरुवातीचा खर्च आत टाकला तर तो आहे त्यापेक्षा कमी दिसतो. उत्तर आलं अधिक 15. म्हणजे जेमतेम फायद्यात.

पण हे गळती नक्की कमी होईल असं धरून आलेलं उत्तर आहे. परिणाम शून्य असू शकतो. उलटाही होऊ शकतो, कारण शिकलेलं कौशल्य दुसऱ्या कंपनीतही चालत असेल तर माणसाची बाजारातली किंमत वाढते. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी सर्वसाधारण आणि कंपनीपुरतं प्रशिक्षण असा जो फरक केला तो इथे थेट कामाला येतो. हा अभ्यासक्रम बहुतांशी सर्वसाधारण होता.

मग तीन शक्यता मांडल्या. गळती 16 टक्के झाली तर अधिक 15. 20 वरच राहिली तर उणे 152, कारण बचत जातेच, शिवाय सुधारलेलं काम करणारी माणसंही कमी उरतात. 24 झाली तर उणे 307. एचआर आणि गटप्रमुखांशी बोलून शक्यता 50, 35 आणि 15 टक्के ठरवल्या. भारित सरासरी येते उणे 92. सर्वांत संभाव्य अंदाज फायद्यात आणि सरासरी तोट्यात, याचं कारण बाजू सारख्या नाहीत: वर चढायला 15 ची जागा, खाली 307 चा खड्डा.

अनिश्चितता दाखवायला सवलतीचा दर वाढवावा, असा आग्रह अशा वेळी होतोच. अधिक 15 चाच हिशोब 15 टक्के दराने करून पाहिला तर उणे 23 येतं. दर वाढवल्याने तिसऱ्या वर्षाला जास्त मार बसतो, पण आपली शंका तिसऱ्या वर्षाची नाही. प्रशिक्षणाचा परिणाम होईल का, ही शंका पहिल्याच वर्षाची आहे. ती शक्यतांमध्येच मांडायला हवी.

या शक्यता कशावरून ठरवल्या, हा प्रश्न रास्त आहे. आधीच्या तुकडीत प्रशिक्षित माणसं कमी गळली होती, पण त्यांची निवड वरिष्ठांनी केली होती. जो टिकणार असं वाटतं त्यालाच पाठवलं जातं. म्हणून तुलना निवड होऊनही जागेअभावी थांबलेल्यांशी केली, तेव्हा फरक बराच आक्रसला. आधी दहा जणांवर करून बघू, हाही उपाय गळतीसाठी निरुपयोगी आहे. चाळिसांच्या गटात सरासरी आठ जण जातात, तरी नुसत्या योगायोगाने एखाद्या वर्षी पाच-सहा आणि एखाद्या वर्षी दहा-अकरा जाऊ शकतात. त्यात 1.6 चा फरक ओळखू येणार नाही, मग दहा जणांत कुठून येणार?

म्हणून मी प्रश्न उलटा केला: तिन्ही शक्यता धरून हिशोब शून्यावर यायला कामातली सुधारणा किती हवी? उत्तर 6.4 एकक. ही गोष्ट काही महिन्यांत मोजता येते. पुन्हा कराव्या लागलेल्या कामाचे तास आधी नोंदवायचे, मग नंतर, आणि सोबत प्रशिक्षण न घेतलेला तसाच एक गट ठेवायचा. माझी शिफारस झाली ती अशी: पहिल्या तुकडीत वीस जण, बाकीचे वीस तुलनेला, चार महिन्यांची नोंद, आणि सुधारणा वर्षाला 6.4 एककांच्या दराने दिसली तरच दुसरी तुकडी.

शिकलेली माणसं टिकावीत म्हणून सगळ्यांना 2 टक्के जादा वाढ द्यावी, असंही सुचवलं गेलं होतं. गळती 16 टक्क्यांवर आली असं धरलं तरी टिकून राहिलेल्या माणशी 2 एकक तीन वर्षं दिले तर आजच्या मूल्यात 143 एकक जातात. गळती कमी झाल्याने वाचणार होते 136. ही ओळ मी प्रस्तावातून काढून टाकली.