पाडव्याला दुबईत ईद होती

"ताई, माझी शाळेपासूनची मैत्रीण मुसलमान आहे. ईदला नुसतं 'हार्दिक शुभेच्छा' पाठवलं तर परकं वाटतं, आणि जास्त लिहायला गेलं तर काहीतरी चुकेल अशी भीती वाटते. तुमची तर इतकी जुनी दोस्ती आहे. तुम्ही काय लिहिता?"

एका वर्षी मीही माझ्या मैत्रिणीला 'आपणांस व आपल्या कुटुंबीयांस रमजान ईदच्या हार्दिक शुभेच्छा' असं लिहिलं होतं, खाली चंद्रकोरीचं चित्र. तिचं उत्तर आलं, "कुठल्या पक्षात गेलीस गं?" दापोलीजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, एकमेकींचे डबे खायचो. तिला मी आयुष्यात कधी 'आपणांस' म्हटलं नव्हतं, आणि ते नेमकं सणाच्या दिवशी म्हटलं.

तेव्हा पहिली गोष्ट, एरवी जसं बोलता तसंच लिहा. तुमची मैत्रीण 'अगं'वाली असेल तर ईदलाही 'अगं'च. 'ईद मुबारक' हे दोन शब्द मात्र तसेच ठेवा. त्यांचं मराठी करू नका. त्यांच्याकडे समोरून 'खैर मुबारक' येतं, आणि ते ऐकायलाही छान वाटतं.

शब्दांपेक्षा मी जास्त वेळा चुकले ती दिवसात. भिंतीवरच्या कॅलेंडरात ईद छापलेली असते, पण ती अंदाजाने. रमजानच्या 29व्या रोज्याच्या संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही दिसला तर 30 रोजे पुरे करायचे. आमच्याकडे त्या संध्याकाळी पोरं हर्णैच्या बाजूला किनाऱ्यावर जाऊन उभी राहतात. कोर अगदी बारीक, समुद्राला टेकलेली, आणि सूर्य बुडाल्यावर थोडाच वेळ दिसते. हा सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, त्यामुळे काही वर्षं तो भर पावसात येतो. 2016 साली ईद 7 जुलैला होती. तेव्हा किनाऱ्यावर जाऊन काय दिसणार, ढग! मग मुंबईहून चांद झाल्याची खबर यायची वाट बघायची. मी एकदा कॅलेंडर बघून सकाळी सकाळी तिच्या अम्मींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, अजून एक रोजा आहे. चांद कुठे दिसलाय?" ओशाळायला झालं. त्या बिचाऱ्या पाण्याचा थेंब न घेता बसलेल्या, आणि मी शीरखुर्म्याची चौकशी करतेय.

आणि आमच्या कोकणात तर अर्धं घर आखातात. माझी मैत्रीण लग्नानंतर दुबईला गेली, अम्मी गावात. तिकडे चंद्र बऱ्याचदा आपल्या एक दिवस आधी ठरतो, त्यामुळे मायलेकींची ईद वेगवेगळ्या दिवशी. 2025 साली तर गंमतच झाली. 30 मार्चला रविवारी आपला गुढीपाडवा, आणि त्याच दिवशी दुबईत ईद. इकडे अम्मींचा 29वा रोजा. मी सकाळी गुढी उभारून आत आले तर हिचा मेसेज पडलेला, "गुढीचा फोटो पाठव. साडी यंदा कुठली लावलीस?" दरवर्षी मी गुढीला माझ्या आईची जुनी साडी लावते, हे तिला माहीत आहे म्हणून तो प्रश्न. मी लिहिलं, "तीच हिरवी. ईद मुबारक गं. शीरखुर्मा स्वतः केलास की नवऱ्याला लावलंस? पोरांना माझी ईदी देऊन टाक, मे महिन्यात आलीस की वसूल कर." अम्मींना मात्र त्या दिवशी काही बोलले नाही. संध्याकाळी चांद झाल्याचं कळलं आणि सोमवारी, नमाज होऊन घरातली माणसं परतली असतील अशा बेताने, दहाच्या सुमारास त्यांच्याकडे गेले.

रमजान चालू असताना विचारपूस करणार असाल तर एक जपा. 'आज रोजा आहे ना?' किंवा 'किती झाले?' हे बाईमाणसाला चारचौघांत विचारू नये. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, तो नंतर भरून काढतात. आपण सहज विचारतो आणि तिला दिराच्या, सासऱ्याच्या देखत काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी लागते. मी नुसतं "उन्हाचं कसं चाललंय?" एवढंच विचारते. सांगायचं ते ती सांगते.

आता माझी खरी चूक सांगते. तिचे अब्बा गेले त्यानंतर दोन महिन्यांनी ईद आली. आपल्याकडे घरात कोणी गेलं की वर्षभर सण करत नाहीत, आणि अशा घरी कुणी सणाच्या शुभेच्छाही देत नाही. मी तोच हिशोब धरला. फोन नाही, मेसेज नाही. मनात म्हटलं, दुःखातल्या माणसाला 'मुबारक' कसं म्हणायचं. चार दिवसांनी तिचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "यंदा तू ईद मुबारक म्हणाली नाहीस." मी कारण सांगितलं. ती म्हणाली, "अगं, ईद तर आलीच ना. भाऊ नमाजला गेला, अम्मीने छोट्या पातेलीत शीरखुर्मा केला. सगळ्यांचे फोन आले, तुझाच नाही."

त्यांच्याकडे इतरांचा शोक तीन दिवसांचा. फक्त नवरा गेलेल्या बाईची इद्दत चार महिने दहा दिवस, म्हणून अम्मी तेवढ्या साध्या कपड्यांत घरी होत्या. पण ईद थांबत नाही. हे मी आधी विचारलं असतं तर कळलं असतं. विचारलं नाही, कारण मला वाटलं मला ठाऊक आहे! त्या वर्षी काय लिहायला हवं होतं ते नंतर पुष्कळदा मनात लिहून पाहिलं. "ईद मुबारक गं. आज अब्बांची आठवण येत असेल. अम्मींना माझा सलाम सांग." एवढंच पुरलं असतं.

मोहरमच्या दहाव्या दिवसाला मात्र मुबारक म्हणू नका. तो करबलाची, हुसेन यांच्या हौतात्म्याची आठवण करायचा दिवस. सुट्टी दिसली की शुभेच्छांचं चित्र पुढे ढकलणारे आमच्याही गटात आहेत.

पुढे दोन वर्षांनी माझ्या सासूबाई गेल्या, भाद्रपदात. दिवाळीच्या आधी हिचा दुबईहून फोन आला. शुभेच्छा वगैरे काही नाही, सरळ विचारलं, "यंदा तुमच्याकडे सण नाही ना? म्हणजे फराळ करणार नाहीस?" मी म्हटलं, "नाही." ती बरं म्हणाली आणि ठेवला फोन. धनत्रयोदशीला दुपारी अम्मी रिक्षाने आल्या. हातात स्टीलचा डबा, वर फडकं बांधलेलं. आत चकल्या. "सण नसलेल्या घरी फराळ बाहेरून यायचा असतो, होय ना?" म्हणाल्या. "मला चकली जमत नाही, दोन वेळा सोऱ्या अडकला. तुटक्या आहेत, पण खा."